‘७ दिवस मोफत’ लिहिताना आठव्या दिवसाबद्दल काय लिहावे

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी पोलीस भरतीच्या सराव परीक्षांचे ॲप तयार केले आहे. ७ दिवस मोफत आणि नंतर महिन्याला १४९ रुपये, तेही गूगल प्लेमधून. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांच्या ग्रुपवर पोस्ट टाकायची आहे. सगळ्या अटी लिहिल्या तर कोणी वाचणार नाही, आणि नाही लिहिल्या तर नंतर भांडणे होतील. नेमके किती आणि कसे लिहावे?

उत्तर : अटी किती ओळींत बसवायच्या, यापेक्षा त्यांतील कोणत्या अटीमुळे वाचणाऱ्याच्या खात्यातून पैसे जातात, हे आधी वेगळे काढावे लागते. अशा अटी फार नसतात. पैसे कोणत्या दिवशी कापले जातील, किती कापले जातील, ते कापले जाऊ नयेत म्हणून कधीपर्यंत रद्द करावे लागेल आणि रद्द कुठे करायचे, एवढ्या चार गोष्टी पोस्टमध्येच असायला हव्यात. उरलेल्या अटी ॲपमधील अटींच्या पानावर राहिल्या तरी चालते, कारण त्या न वाचल्याने कोणाचे नुकसान होत नाही. मी लातूरमध्ये अशा ॲपच्या जाहिरातींचा मजकूर लिहितो आणि त्यांच्या तक्रारींचे फोनही माझ्याच टेबलावर येतात. त्यामुळे पोस्टमधले कोणते वाक्य आठ दिवसांनी कोणती तक्रार होऊन परत येते, हे मला रोज पाहायला मिळते.

पुढचे सगळे तुमच्या दोन बाबींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे पैसे खरोखर गूगल प्लेमधूनच घेतले जातात, की ॲपमध्ये तुमचा स्वतःचा यूपीआय ऑटोपे आहे. दुसरी म्हणजे मोफत दिवस सुरू करतानाच पैसे भरण्याचे साधन जोडावे लागते की नाही. गूगल प्लेच्या मोफत कालावधीत ते जोडावेच लागते आणि कालावधी संपताना वापरणाऱ्याने रद्द केलेले नसेल, तर पैसे आपोआप कापले जातात. तुम्ही गूगल प्ले लिहिले आहे, म्हणून मी तेच धरून सांगतो. स्वतःचा ऑटोपे असेल तर काय बदलते, ते पुढे येईल.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझी लिहिण्याची पद्धत त्यानंतर बदलली. एका ॲपसाठी तयार झालेल्या चित्रावर मोठ्या अक्षरांत ‘पूर्णपणे मोफत वापरून पाहा’ असे मराठीत होते आणि खाली बारीक इंग्रजीत अटींची एक ओळ होती. ते चित्र अभ्यासिकांच्या ग्रुपवर फिरले. काही दिवसांनी एका वडिलांचा फोन आला. मुलाने त्यांच्या फोनवर ॲप घेतले, दोन दिवस वापरले, आवडले नाही म्हणून काढून टाकले आणि तो भरतीच्या मैदानी तयारीला निघून गेला. पैसे मात्र वडिलांच्या खात्यातून गेले. त्यांचा प्रश्न इतकाच होता की, ‘ॲप तर फोनमध्ये नाही, मग पैसे घेतं कोण?’ त्यांच्या जागी ते अगदी बरोबर होते. आपण दुकानातून वस्तू परत केली की व्यवहार संपतो, तसे त्यांनी ॲपचे धरले होते. चित्रावर एकही खोटे वाक्य नव्हते, पण त्यांना ज्या एका वाक्याची गरज होती ते त्यांना वाचता येईल अशा भाषेत आणि आकारात कुठेच नव्हते.

म्हणून भाषेपासून सुरुवात करतो. ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना लागू झाल्या. त्यांत असे स्पष्ट आहे की दावा ज्या भाषेत केला आहे त्याच भाषेत त्याची अट लिहिली पाहिजे आणि अटीचा अक्षरप्रकारही दाव्यासारखाच असला पाहिजे. दावा आवाजात केला असेल, तर अट त्याच वेळी पडद्यावर दिसली पाहिजे. म्हणजे ‘७ दिवस मोफत’ मराठीत आणि कापणीची अट इंग्रजीत, ही आपल्याकडे सर्रास दिसणारी मांडणी मुळातच चुकीची आहे. रीलमध्ये तुम्ही ‘सात दिवस मोफत’ असे म्हणत असाल, तर त्याच क्षणी ‘आठव्या दिवशी १४९ रुपये’ ही ओळ पडद्यावर हवी. शेवटच्या दोन सेकंदांत ती दाखवून भागत नाही.

मराठीत लिहितानाही शब्द कोणते निवडता, यावर बरेच ठरते. ‘सदस्यत्वाचे स्वयंचलित नूतनीकरण होईल’ या वाक्यातून पैसे जाणार आहेत हे अभ्यासिकेतल्या मुलाला कळत नाही, मग त्याच्या वडिलांना कसे कळावे? ‘वर्गणी’ हा शब्द सोपा वाटतो, पण तो वाचला की मंडळाची वर्गणी डोळ्यांसमोर येते. ती कोणीतरी मागायला येते आणि दिली नाही तर विषय तिथेच थांबतो. इथे कोणी मागायला येत नाही. ‘शुल्क आकारले जाईल’ हेही धूसर आहे, कारण ते कोण आणि कुठून आकारणार ते त्यात नाही. माझ्या अनुभवात ‘तुमच्या खात्यातून १४९ रुपये आपोआप कापले जातील’ हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, कारण बँकेच्या बाबतीत आपण ‘पैसे कापले’ असेच बोलतो.

‘कधीही रद्द करा’ या वाक्याबाबत मी विशेष सावध असतो. लिहिणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘पुढच्या महिन्याचे पैसे थांबवता येतात’ असा असतो. वाचणारा मात्र त्याचा अर्थ ‘पैसे गेले तरी रद्द केले की परत येतात’ असा घेतो. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरी भांडण होते. त्यामुळे ‘कधीही’ हा शब्द काढून तिथे वार किंवा तारीख घाला.

आता ती तारीख कशी काढायची ते पाहू. समजा, एका मुलाने सोमवारी रात्री ८ वाजता मोफत कालावधी सुरू केला. सात दिवस म्हणजे पुढच्या सोमवारी रात्री ८ वाजेपर्यंत. हिशेब सुरू केलेल्या वेळेपासून होतो, त्यामुळे सोमवारचा पूर्ण दिवस मोफत आहे असे समजून रात्री ११ वाजता रद्द करायला बसणाऱ्याला उशीर झालेला असतो. ‘७ दिवस’ एवढेच लिहिले तर कोणी रविवारी संपेल असे मोजतो, कोणी सोमवारी मध्यरात्री. म्हणून मी पोस्टमध्ये दिवसांची संख्या आणि वार दोन्ही लिहितो. सात दिवसांच्या कालावधीत ही सोय आहे की सुरू केलेला वारच पुन्हा येतो. तुमचा कालावधी ३ किंवा १४ दिवसांचा असता, तर वाराऐवजी तारखांचे उदाहरण देणे बरे पडले असते.

रद्द करण्याची मुदत मात्र मी शेवटच्या तासाला नेऊन भिडवत नाही. ॲपल आपल्या ग्राहकांना मोफत कालावधी संपण्याच्या किमान २४ तास आधी रद्द करा असे सांगते. म्हणजे तुमचे ॲप पुढे आयफोनवर आले, तर सोमवारी सुरू करणाऱ्याची मुदत रविवारी रात्री ८ वाजताच संपते. यूपीआय ऑटोपेमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. पण ज्या खात्याचे पैसे आहेत ते वडिलांचे असतील आणि वडील शेतात किंवा मार्केट यार्डात असतील, तर ती सूचना वेळेत मुलापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून ‘सोमवारी सुरू केले तर शनिवारी रात्रीपर्यंत रद्द करा’ असे मी लिहितो. यात काही खोटे नाही. शनिवारपर्यंत रद्द केले तर पैसे जात नाहीत हे खरेच आहे, आणि रविवारी अडचण आली तरी हाताशी एक दिवस राहतो.

इथे एक वाक्य असे आहे की ते लिहायला ॲपवाले कचरतात आणि मी मात्र त्याचा आग्रह धरतो. लोक रद्द करणे शेवटच्या घटकेपर्यंत का लांबवतात? रद्द केले की ॲप लगेच बंद पडेल, उरलेले मोफत दिवस वाया जातील, असे त्यांना वाटते. गूगल प्लेमध्ये तसे होत नाही. मोफत कालावधीत रद्द केले तरी तो कालावधी संपेपर्यंत वापर सुरू राहतो. म्हणून पोस्टमध्ये सरळ लिहावे : ‘हवे तर पहिल्याच दिवशी रद्द करा, तरीही सातही दिवस सराव करता येईल.’ असे लिहिले तर सगळेच रद्द करतील अशी भीती माझ्याकडे येणारा प्रत्येक जण बोलून दाखवतो. काही जण करतील, हे मी नाकारत नाही. पण जो विसरला म्हणून १४९ रुपये देतो, तो दुसऱ्या महिन्यात टिकत नाही. उलट त्याच अभ्यासिकेच्या ग्रुपवर ‘हे ॲप पैसे खातं’ असे लिहून जातो, आणि तुमचे पुढचे ग्राहक त्याच ग्रुपमध्ये बसलेले असतात.

ॲप काढून टाकणे आणि रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य पोस्टमध्ये स्वतंत्र ओळीत हवे. त्याच्या लगेच खाली रद्द करण्याची वाट लिहावी. Play Store उघडायचे, वर उजवीकडे असलेल्या आपल्या खात्याच्या गोल चित्रावर दाबायचे, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions, तिथे आपले ॲप निवडून Cancel subscription. फोनची भाषा मराठी असेल तर हीच नावे मराठीत दिसतात, त्यामुळे इंग्रजी नाव शोधणारा गोंधळतो. मी दोन्ही भाषांतल्या फोनवरून पडद्याची चित्रे घेऊन ठेवतो आणि पोस्टखाली पहिल्या कमेंटमध्ये लावतो.

या वाटेवर सर्वांत जास्त लोक अडकतात ते खात्यापाशी. एका फोनवर मुलाचे, वडिलांचे आणि कधी दुकानात फोन घेताना उघडून दिलेले तिसरेच जीमेल खाते असते. ज्या खात्यावरून मोफत कालावधी सुरू केला, त्याच खात्यात तो दिसतो. दुसरे खाते उघडे असेल तर Subscriptions मध्ये काहीच दिसत नाही आणि माणूस ‘आपण काही घेतलेलेच नाही’ असे समजून निर्धास्त होतो. म्हणून ‘तिथे आमचे ॲप दिसत नसेल, तर गोल चित्रावर दाबून दुसरे खाते निवडा’ ही ओळ मी आता कधीच गाळत नाही.

काही जण रद्द करण्याऐवजी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेची मंजुरी काढून टाकतात. तसे करण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे आणि त्याने पैसे जाणे थांबतेही. पण गूगल प्लेच्या नोंदीत त्यांचे सबस्क्रिप्शन चालूच राहते, आणि पैसे भरण्याचा प्रयत्न फसला की ‘पैसे भरा, साधन बदला’ असे संदेश येऊ लागतात. माणूस त्या संदेशांनी घाबरतो. म्हणून पोस्टमध्ये प्ले स्टोअरची वाटच सांगा आणि यूपीआयची वाट कोणी विचारली तर उत्तरात द्या. यूपीआय ॲपमध्ये मंजुरी तात्पुरती थांबवणे आणि कायमची रद्द करणे वेगवेगळे असते, हेही त्या उत्तरात सांगायला हवे.

एवढे सगळे धरून तुमच्या ॲपसाठी मी अशी पोस्ट लिहीन :

> पोलीस भरती सराव परीक्षा : ७ दिवस मोफत, आठव्या दिवशी १४९ रुपये कापले जातील
>
> मोफत दिवस सुरू करताना गूगल प्ले तुम्हाला यूपीआय किंवा कार्ड जोडायला सांगते. ते जोडताना तुम्ही पुढचे पैसे आपोआप कापण्यास मंजुरी देता. खाते वडिलांचे किंवा भावाचे असेल, तर आधी त्यांना विचारा.
>
> सोमवारी सुरू केले, तर पुढच्या सोमवारी १४९ रुपये कापले जातील. त्यानंतर तुम्ही रद्द करेपर्यंत दर महिन्याला १४९ रुपये कापले जातील.
>
> पुढे नको असेल, तर शनिवारी रात्रीपर्यंत रद्द करा. काहीही कापले जाणार नाही. हवे तर पहिल्याच दिवशी रद्द करा, तरीही सातही दिवस सराव करता येईल.
>
> ॲप फोनमधून काढून टाकल्याने पैसे कापणे थांबत नाही.
>
> रद्द करण्यासाठी : Play Store → वरचे गोल चित्र → Payments & subscriptions → Subscriptions → आमचे ॲप → Cancel subscription. तिथे ॲप दिसत नसेल, तर गोल चित्रावर दाबून ज्या जीमेल खात्यावरून सुरू केले ते खाते निवडा.
>
> बँकेच्या संदेशात आमच्या ॲपऐवजी गूगल प्लेचे नाव दिसू शकते.

ही पोस्ट तुम्हाला लांब वाटेल. पण तिच्यात ॲपच्या स्तुतीची एकही ओळ नाही, हे लक्षात घ्या. किती सराव परीक्षा आहेत, मैदानी चाचणीचे वेळापत्रक आहे का, हे सारे तुम्ही वर दोन-तीन ओळींत लिहालच. अटी वाचून लोक जात नाहीत, तर गोलमोल अटींचा वास आला की जातात, असे माझे मत आहे. शीर्षकात ‘मोफत’ आणि ‘१४९’ एकाच ओळीत ठेवण्याचे कारण मात्र वेगळे आहे. व्हॉट्सॲपवर पोस्ट पुढे जाताना चित्र जाते आणि त्याखालचा मजकूर कित्येकदा मागेच राहतो. अभ्यासिकेच्या पाचव्या ग्रुपवर पोहोचलेल्या चित्राखाली तुम्ही लिहिलेल्या अटींपैकी काहीच नसते. म्हणून ही शीर्षकाची ओळ, ‘सोमवारी सुरू केले तर शनिवारी रात्रीपर्यंत रद्द करा’ ही ओळ आणि ‘ॲप काढून टाकल्याने पैसे कापणे थांबत नाही’ ही ओळ, अशा तीन ओळी चित्रावरच हव्यात. त्यांचा आकार इतका असावा की साध्या फोनवर बोटांनी मोठे न करता त्या वाचता याव्यात. स्टेटसला एकच ओळ बसणार असेल, तर शीर्षकाची ओळ पुरेशी आहे. ‘मोफत’ एकटे कुठेच जाऊ देऊ नका.

पैसे तुम्ही स्वतःच्या ऑटोपेने घेणार असाल, तर या मजकुरात तीन ठिकाणी बदल होतो आणि तिथे तुमची जबाबदारीही वाढते. रद्द करण्याचे बटण तुमच्याच ॲपमध्ये असावे लागते, आणि ते दाबल्यावर यूपीआयची मंजुरीही रद्द झाली पाहिजे. रद्द केल्यावर सातव्या दिवसापर्यंत वापर सुरू राहणे हे तिथे आपोआप होत नाही. तुमच्या मित्राने तसे लिहिले असेल तरच होते, म्हणून ते तपासल्याशिवाय पोस्टमध्ये लिहू नका. तिसरे म्हणजे मंजुरी देताना यूपीआय ॲपमध्ये जी कमाल रक्कम दिसते ती १४९ पेक्षा जास्त ठेवली असेल, तर ‘पोस्टमध्ये १४९ आणि इथे ५०० कसे’ असा फोन येणारच. ती मर्यादा शक्यतो १४९ वरच ठेवा. मंजुरीच्या वेळी एक-दोन रुपये कापून परत देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर तेही लिहावे लागेल, कारण ज्याच्या खात्यातून दोन रुपये गेले त्याला ते ‘मोफत’ वाटत नाही.

याच संदर्भात नोव्हेंबर २०२३ च्या, ग्राहकाला फसवणाऱ्या मांडण्यांविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना तुम्ही दोघांनी एकदा मुळातून वाचाव्यात. त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा त्यांपैकी एक आहे. रद्द करणे अवघड किंवा लांबलचक करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, त्याच्या सूचना संदिग्ध ठेवणे हे त्यात येते. मोफत सबस्क्रिप्शनसाठी पैसे भरण्याचे तपशील किंवा ऑटो डेबिटची मंजुरी द्यायला भाग पाडणे, हेही त्याच व्याख्येत आहे. मोफत कालावधी संपून पैसे सुरू होताना ग्राहकाला न कळवणे हे त्याच सूचनांत दुसऱ्या एका प्रकाराखाली येते. तुमची नेमकी रचना यात बसते की नाही, हे वकिलाला दाखवून ठरवा. माझा व्यवहारातला सल्ला असा आहे की जमत असेल तर पहिले काही सराव पेपर कोणतेही साधन न जोडता खुले ठेवा आणि पैशांचा विषय त्यानंतर आणा. तसे केले तर पोस्ट तीन ओळींत संपते : पाच पेपर मोफत, यूपीआय जोडण्याची गरज नाही, पुढचे हवे असतील तर महिन्याला १४९. याने किती जण पुढे पैसे भरतील, हे तुमचे पेपर किती चांगले आहेत यावर अवलंबून राहील.

पोस्ट टाकण्याआधी दोन तपासण्या करा. पहिली ॲपची. प्ले कन्सोलमधल्या चाचणी खात्यांवर कालावधी आखडलेला असतो, म्हणजे सात दिवसांचा मोफत काळ काही मिनिटांतच संपतो. त्यामुळे रचना नीट चालते हे कळते, पण खऱ्या ग्राहकाला कोणता संदेश कधी येतो हे कळत नाही. म्हणून घरातल्या कोणाच्या तरी साध्या खात्यावरून, खऱ्या यूपीआयने, सात दिवस पूर्ण जाऊ द्या आणि १४९ रुपये खरोखर कापले जाऊ द्या. मंजुरीच्या पडद्यावर काय लिहिले होते, आधीची सूचना कोणत्या दिवशी किती वाजता आली, ती एसएमएसने आली की यूपीआय ॲपमध्ये, कापणी कोणत्या वेळी झाली आणि संदेशात कोणाचे नाव होते, हे वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या फोनवर पहिल्याच दिवशी रद्द करा आणि सातव्या दिवशी पेपर उघडतो का ते पाहा. माझ्या मसुद्यातली प्रत्येक ओळ तुमच्या या वहीशी जुळली पाहिजे. न जुळणारी ओळ बदला.

दुसरी तपासणी पोस्टची. ज्याने ॲप पाहिलेले नाही अशा एखाद्याला ती फोनवर वाचायला द्या, फोन परत घ्या आणि विचारा : पैसे कधी जाणार, किती जाणार, जाऊ नयेत म्हणून काय करायचे? मी हे अभ्यासिकेच्या दारात उभ्या असलेल्या मुलांना विचारतो आणि जमले तर कोणाच्या तरी आईला किंवा वडिलांना. एका मजकुरात मी ‘मोफत कालावधी संपण्यापूर्वी रद्द करा’ असे लिहिले होते. मुलांनी ‘सातव्या दिवशी’ असे उत्तर दिले, तर एका काकूंनी ‘तुम्ही फोन कराल तेव्हा’ असे सांगितले. वार लिहिण्याची सवय मला तिथून लागली.

पोस्ट पडल्यावर प्रश्न येतील, आणि त्यांची उत्तरे पोस्टइतकीच नेमकी हवीत. पैसे परत मिळतील का, हा प्रश्न नक्की येईल. गूगल प्लेवरच्या खरेदीनंतर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच असे नाही, आणि त्यानंतर सहसा ॲप बनवणाऱ्यांशीच बोलावे लागते. म्हणजे ४८ तासांनंतर तो माणूस तुमच्याकडे येणार आहे. तेव्हा तुमचा नियम आधी ठरवा आणि तोच लिहा. ज्याने कापणीनंतर एकही पेपर सोडवलेला नाही, त्याला पहिल्या वेळी पैसे परत द्यावेत, असे मी तुम्हाला सुचवीन. उत्तर मात्र ‘इनबॉक्समध्ये या’ असे देऊ नका. तोच प्रश्न मनात असलेले आणखी दहा जण तिथे वाचत असतात.

‘मी मागच्या वेळी मोफत वापरले होते, आता पुन्हा मिळेल का’ असेही कोणी विचारेल. एका खात्याला मोफत कालावधी एकदाच मिळेल अशी तुमची मांडणी असेल, तर जुन्या वापरकर्त्याच्या पडद्यावर मोफतचा उल्लेख नसतो आणि त्याचे १४९ रुपये लगेच कापले जातात. त्यामुळे तुमची मांडणी तशी असेल तर ‘आधी मोफत वापरलेल्यांना ही सवलत नाही, त्यांचे पैसे लगेच कापले जातील’ ही ओळ मसुद्यात वाढवा.

शेवटी चित्रावर कोपऱ्यात पोस्टची तारीख टाका. पुढच्या भरतीच्या वेळी तुम्ही दर १९९ कराल किंवा मोफत कालावधी ३ दिवसांवर आणाल, आणि आजचे चित्र तेव्हाही कुठल्यातरी ग्रुपवर फिरत असेल. ज्या दिवशी दर बदलाल त्या दिवशी तुमच्या हातातल्या जुन्या पोस्ट काढा किंवा त्यांच्या पहिल्या ओळीत नवा दर लिहा. कोणी जुने चित्र दाखवून १४९ मागितले, तर त्या महिन्यापुरते त्याला १४९ मध्येच द्या.